प्लॅनिंग पोकर: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अंदाज आम्ही कसा बांधला

इंजिनिअरिंगच्या आठव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट एप्रिलमध्ये संपला, प्रोजेक्टच्या अहवालाचं ब्लॅक बुक बांधून झालं, व्हायवाही झाली. आमच्या मागच्या बॅचमधल्या तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला: सगळं वेळेत बसेल की नाही हे आधी कसं ठरवलंत? पत्ते टाकून कामाचा आकार ठरवायची प्लॅनिंग पोकर ही पद्धत आम्ही वापरली. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं उत्तर तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा जानेवारी ते एप्रिल २०२५ मध्ये काय घडलं ते इथे क्रमाने लिहिते.

प्रोजेक्ट साधा होता. ऐरोलीत एका मंडळाची अभ्यासिका आहे. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे महिन्याची फी भरून बसतात. कुठली खुर्ची कुणाची, कुणाची फी बाकी, हे सगळं तिथले काका एका मोठ्या वहीत लिहितात. त्या वहीच्या जागी एक वेब अ‍ॅप करायचं, असं ठरलं. टीम पाच जणांची.

पहिली बैठक शनिवार, ४ जानेवारीला कॉलेजात झाली. प्रोजेक्टच्या फॉर्मसोबत गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी होईल याचा तक्ता, द्यायचा होता आणि त्यात प्रत्येक कामापुढे तास लिहायचे होते. आम्ही स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाचा आकार सांगणारे आकडे, याबद्दल वाचलेलं होतं, म्हणून टीमने दोन्हींची सांगड घातली: एक पॉइंट म्हणजे चार तास. मग एकेक काम वाचलं जायचं, ज्याला सुचेल तो आकडा मोठ्याने सांगायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. एकूण ५२ पॉइंट झाले, म्हणजे २०८ तास. पाच जण, प्रत्येकी आठवड्याला दहा तास. या हिशेबाने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं संपत होतं. सोमवारी चार्ट जमा केला, गाइड सरांची सही मिळाली. २४ जानेवारीला हातात होतं फक्त लॉगिनचं पान आणि नोंदणीचा अर्धा अर्ज. त्या दिवशी लॉग बुकवर साप्ताहिक सही घ्यायला जाताना पोटात गोळा आला होता. काम कुणी टाळलेलं नव्हतं, तरी कागद आणि काम यांचा मेळ बसत नव्हता.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक ताई राहते, ती आयटी पार्कमध्ये डेव्हलपर आहे. शनिवारी, २५ जानेवारीला आम्ही पाचही जण तिच्या घरी जमलो. तिने यादी पाहिली आणि आधी 'एक पॉइंट म्हणजे चार तास' ही ओळ खोडली.

तिचं म्हणणं असं. ऐरोलीहून ठाण्याला किती वेळ लागेल, असं आम्हा पाच जणांना विचारलं तर पाच उत्तरं येतील. कुणी बाइकवर, कुणी ट्रेनने, कुणी बसने जाणार. पण पनवेल ठाण्यापेक्षा कितीतरी लांब आहे, यावर पाचही जणांचं लगेच एकमत होईल. वेळ माणसागणिक बदलतो, आणि दोन अंतरांमधलं नातं बऱ्यापैकी तेच राहतं. अंदाज बांधताना त्या नात्याबद्दल विचारायचं. हे काम त्या कामापेक्षा मोठं आहे का, असेल तर साधारण किती पट? तास मागाहून आपोआप कळतात, कारण दोन आठवड्यांत खरोखर किती पॉइंट पूर्ण झाले हे मोजता येतं. सुरुवातीलाच पॉइंटला तासांशी बांधलं की आपण पुन्हा तासांचाच अंदाज करत बसतो, फक्त त्याला चाराने भागून.

माझ्या डोक्यातली सगळ्यात मोठी गाठ इथे सुटली. आमच्यातल्या एकीला डेटाबेसची धास्ती होती. ४ तारखेच्या बैठकीत ती प्रत्येक कामाला 'माझ्यासाठी हे मोठं आहे' म्हणायची, आणि दोन वर्षं कोडिंग करणारा मुलगा 'दोन तास' म्हणायचा. दोघं आपापल्या वेगाबद्दल बोलत होते, कामाचा आकार दोघांच्याही बोलण्यात नव्हता. मोजपट्टी म्हणून एखादं ओळखीचं काम समोर ठेवलं की हा घोळ बराच मिटतो. नोंदणीचा अर्ज करायला तिला त्याच्या तिप्पट वेळ लागेल. पावतीचं कामही तिला तिप्पट वेळ घेईल. पण पावती ही अर्जाच्या साधारण दीडपट, हे दोघांनाही पटतं.

म्हणून पहिलं काम मोजपट्टी निवडण्याचं. ती सगळ्यांना नीट समजलेली हवी, आणि फार छोटीही नको, फार मोठीही नको, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे जागा राहते. आम्ही 'नवीन सदस्याने अर्ज भरला की त्याची नोंद सेव्ह होते' ही स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने एका ओळीत लिहिलेलं काम, घेतली आणि तिला ३ दिले. त्या ३ ला स्वतःचा काही अर्थ नाही. पाचही जणांच्या डोळ्यांसमोर त्या कामाचं एकच चित्र असणं महत्त्वाचं. 'सदस्यांची यादी दिसते' ही स्टोरी २ वर बसली. पुढे प्रत्येक नवीन स्टोरी या दोन्हींशेजारी ठेवून पाहायची: यादीपेक्षा मोठी, अर्जाएवढी की त्याहून मोठी?

आता पत्त्यांविषयी. प्लॅनिंग पोकर ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये लिहून मांडली आणि माइक कोन यांनी पुढे ती सर्वदूर नेली. तयार संचांत साधारण ०, ½, १, २, ३, ५, ८, १३, २०, ४०, १०० असे आकडे असतात, शिवाय प्रश्नचिन्ह आणि चहा-कॉफीच्या सुट्टीचं कार्ड. आकडे मोठे होतात तसं त्यांच्यातलं अंतर वाढत जातं, त्यामागे कारण आहे. १ आणि २ मधला फरक आपल्याला जाणवतो, पण मोठ्या कामात १२ की १३ हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तो पर्यायच ठेवलेला नाही. तयार संच विकत घ्यायची गरज नाही, फोनवर फुकट अ‍ॅप मिळतात. आम्ही पत्त्यांचे दोन कॅट घेतले, दोन्ही मिळून शंभर रुपयांत. एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, अठ्ठी, आणि १३ साठी राजा. जोकर म्हणजे प्रश्नचिन्ह. एका कॅटमध्ये चारच रंग असल्याने चौघांपुरता तो पुरतो, पाच जणांना दोन लागतात. कॉलेजच्या कँटीनमध्ये पत्ते काढायला मनाई आहे, म्हणून सुटीनंतर वर्ग वापरायला विभागप्रमुखांकडे अर्ज द्यावा लागला. परवानगी यायला तीन दिवस लागले, तेव्हा हा अर्ज आधीच देऊन ठेवा.

रीत अशी. एक जण स्टोरी वाचतो. शंका विचारून घेतात, पण आकड्याचा उच्चार कुणी करत नाही. प्रत्येक जण आपला पत्ता पालथा ठेवतो. सगळ्यांचे ठेवून झाले की एकदम उलटायचे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा पत्ता टाकणारे आधी बोलतात, मग पुन्हा पत्ते. जे काम करणार आहेत त्यांनीच पत्ते टाकायचे. काका, म्हणजे ज्यांना अ‍ॅप हवंय ते, शंकांची उत्तरं देतात, पत्ता टाकत नाहीत.

जागांच्या नकाशाची स्टोरी सविस्तर सांगते, कारण या पद्धतीचा उपयोग मला तिथे कळला. कार्डावर लिहिलेलं होतं: 'सदस्य रिकामी जागा पाहून ती महिन्यासाठी राखून ठेवतो.' पहिल्या फेरीत पत्ते पडले ३, ३, ५, ५ आणि एक राजा.

४ तारखेच्या पद्धतीत इथे सरासरी निघाली असती. बेरीज २९, भागिले पाच, म्हणजे सहाच्या जवळपास, चला ५ लिहा. विद्यार्थ्यांच्या टीममध्ये हे मी सगळ्यात जास्त पाहिलं, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाची माहिती वाया जाते. एकाला ३ आणि एकीला १३ वाटतं, तेव्हा दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी कामं आहेत. त्यांची सरासरी म्हणजे कुणाच्याच डोळ्यांसमोर नसलेलं तिसरं काम.

तिर्रीवाला म्हणाला, "चौकोनांची जाळी काढायची, भरलेल्या लाल, रिकाम्या हिरव्या. क्लिक केलं की लाल." राजा टाकणारी म्हणाली, "दोघांनी एकाच क्षणी तीच जागा क्लिक केली तर? आणि काका म्हणाले होते ना, काही मुलं सकाळी येतात, काही संध्याकाळी? मग एकच खुर्ची दोघांची असू शकते." बाकी चौघांपैकी पाळ्यांचा विचार कुणीच केलेला नव्हता. तिथूनच काकांना फोन लावला. हो, एका खुर्चीवर दोन पाळ्यांत दोन मुलं बसतात. पैसे भरून होईपर्यंत जागा अडवून ठेवायची का? त्यावर काका म्हणाले, "छे गं, पैसे माझ्याकडे रोख येतात. आधी नाव लावलं त्याची जागा." राजामागची एक भीती तिथेच गेली, जागा काही मिनिटं अडवून ठेवण्याचं काम उरलं नाही.

मग स्टोरी दोन झाल्या. 'निवडलेल्या पाळीचा नकाशा दिसतो' हिला पहिल्याच फेरीत सगळ्यांची तिर्री. 'जागा राखली जाते, दोघांनी एकदम मागितली तर एकालाच मिळते' हिला ५, ५, ५, ८, ५. आता अठ्ठीवालीची बाजू ऐकली. दोघांच्या भांडणावर डेटाबेसमध्येच, त्याच जागेची त्याच पाळीत आणि महिन्यात दुसरी नोंद होऊ न देणारी, अशी एक अट घालून उपाय होतो, हे तिलाही मान्य होतं:

```sql
UNIQUE (seat_id, shift, month)
```

"पण ही अट खरोखर चालते हे दाखवायला दोन ब्राउझरमधून एकाच वेळी मागणी पाठवून तपासावं लागेल, आणि ज्याला जागा नाही मिळाली त्याला नीट निरोप दिसायला हवा. ते कुणी धरलंय का?" कुणीच धरलेलं नव्हतं. आम्ही सगळे कोड लिहिण्यापुरताच आकार देत होतो, तपासणी हिशेबात येतच नव्हती. तिसऱ्या फेरीत चार अठ्ठ्या आणि एक पंजी. पंजीवाला म्हणाला, मला ८ चालतील. ८ लिहिले आणि पुढे गेलो. सगळ्यांचा आकडा तंतोतंत जुळेपर्यंत थांबायचं नाही. तिसऱ्या फेरीनंतर शेजारचे दोनच आकडे उरले असतील तर मोठा घ्यायचा, हा आमचा नियम झाला.

त्याच बैठकीत लॉगिनच्या स्टोरीला जोकर पडला. 'मोबाइलवर ओटीपी येतो' हे सगळ्यांना दुर्री-तिर्रीचं वाटत होतं, आणि एकीने प्रश्नचिन्ह टाकलं. इंटर्नशिपमध्ये तिने ऐकलं होतं की एसएमएस पाठवायला कसलीशी नोंदणी लागते. जोकर पडला की टीमचा पहिला विचार असतो की हिला येत नाहीये, आपण आपला आकडा लिहू. ताईने तसं करू दिलं नाही. आकाराऐवजी एक छोटी शोधमोहीम ठरवली, ज्याला स्पाइक म्हणतात: दोघांनी मिळून फक्त अर्धा दिवस घालवायचा आणि जे कळेल ते घेऊन यायचं. कळलं ते असं. भारतात कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार मोबाइल कंपनीच्या डीएलटी नावाच्या नोंदणी पोर्टलवर आधी संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग संदेशाचा मसुदा, असं सगळं मंजूर करून घ्यावं लागतं. कागदपत्रं मंडळाची लागणार, सह्या मंडळाच्या. कोड खरंच तीनच पॉइंटचा होता, पण मंजुरीची वाट किती पाहावी लागेल ते आमच्या हातात नव्हतं.

वाट पाहण्याचे पॉइंट होत नाहीत, हे इथे शिकले. मंजुरीला तीन आठवडे लागतील म्हणून त्या स्टोरीला १३ द्यावेत, असा सूर टीममध्ये निघाला होता. तसं केलं असतं तर मंजुरी आल्याच्या दिवशी काहीही काम न करता १३ पॉइंट पदरात पडले असते आणि दोन आठवड्यांत किती पॉइंट होतात या वेगाचा सगळा हिशेब बिघडला असता. अशी स्टोरी मंजुरी हातात येईपर्यंत स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या दोन आठवड्यांच्या टप्प्यात, घ्यायचीच नाही. आम्ही ओटीपी बाजूला ठेवला. मोबाइल नंबर आणि पासवर्ड, विसरला तर काका नवा देतील. पत्ते पडले, ३.

रात्री उशिरापर्यंत १७ स्टोरी झाल्या, बेरीज ७९. घरी जाताना धडकी भरलेली होती, कारण ५२ वरून आकडा वाढला होता. खरं तर दोन्ही आकडे वेगवेगळ्या मापांतले, त्यांची तुलना होत नाही. पण हे मनाला पटायला वेळ लागतो.

पहिला स्प्रिंट २७ जानेवारी ते ७ फेब्रुवारी. वेग माहीत नव्हता, म्हणून जमेल असं वाटलं तेवढं घेतलं, १८ पॉइंट. पूर्ण झाले ११. एक २ पॉइंटची स्टोरी राहिली आणि मराठीत फीची पावती देण्याची ५ पॉइंटची स्टोरी 'नव्वद टक्के' झाली. टीममध्ये वाद झाला की तिचे साडेचार तरी धरा. धरले नाहीत, शून्य धरले. त्या वेळी कठोर वाटलं. पुढच्या आठवड्यात कळलं की उरलेले दहा टक्के म्हणजे पीडीएफमधली फुटलेली जोडाक्षरं. आमची लायब्ररी देवनागरी अक्षरं नीट जुळवत नव्हती. 'प्राप्त'मधला प सुटा, त सुटा. लायब्ररी बदलून ब्राउझरमधूनच पान छापायची वाट धरली तेव्हा ते सुटलं, आणि त्यात पहिल्या नव्वद टक्क्यांइतकाच वेळ गेला. अर्धवट कामाला गुण दिले की नेमकी अशी माहिती झाकली जाते. अशी स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये पूर्ण ५ पॉइंटनिशीच न्यायची, उरलेल्या कामाचा नवा आकडा काढायचा नाही. दोन-तीन स्प्रिंटमध्ये हिशेब आपोआप समतोल होतो.

दुसरा स्प्रिंट १० ते २१ फेब्रुवारी: ती पावती आणि राखीव जागा, ५ आणि ८, असे १३ पूर्ण.

२२ फेब्रुवारीला कागद घेऊन बसलो. ११ आणि १३, म्हणजे सरासरी १२. झाले २४, उरले ५५. ४ एप्रिलपर्यंत तीन स्प्रिंट, म्हणजे साधारण ३६. १९ पॉइंट बसणारच नव्हते. जानेवारीत गँट चार्ट कोलमडला होता तेव्हा आम्ही गोंधळलो होतो, आता हातात फेब्रुवारीतच एक स्पष्ट आकडा होता. तो घेऊन काकांकडे गेलो. बारावीची परीक्षा चालू होती, अभ्यासिका गच्च भरलेली, काका बाहेर पायरीवर येऊन बसले. उरलेल्या स्टोरींची कार्डं पायरीवर मांडली आणि विचारलं, कुठल्या नसल्या तरी चालेल? ऑनलाइन पैसे भरण्याचं १३ चं कार्ड त्यांनी लगेच बाजूला केलं, मग फी बाकी असल्याची आपोआप आठवण करण्याचं ८ चं. "आठवण मी करतोच की," म्हणाले. २१ कमी झाले, उरले ३४.

मार्चमध्ये एक वेगळाच प्रकार पाहिला. गाइड सर एका अंदाजाच्या बैठकीला बसले. एक स्टोरी वाचताच सहज म्हणाले, "हे दोन दिवसांचं काम आहे." पत्ते उलटले तेव्हा पाचही जणांची दुर्री. एकाही पत्त्यात फरक नाही, म्हणून चर्चाही नाही. बाहेर आल्यावर दोघांनी सांगितलं की मनात पंजी होती. सरांचा हेतू चांगलाच होता, त्यांचा अनुभवही मोठा. पण आधी कानावर पडलेला आकडा मन धरून बसतं. पत्ते पालथे ठेवतात ते यासाठीच. पुढच्या वेळी आम्ही सरांना विनंती केली की पत्ते उलटल्यावर आधी तुमचं मत ऐकू. त्यांनी ते आनंदाने मानलं, आणि त्यांचं बोलणं तेव्हा जास्त उपयोगी पडलं, कारण कुठे फरक पडलाय हे त्यांनाही दिसत होतं. टीममध्ये कोडिंगमध्ये तरबेज असा एकच जण असेल तर त्यालाही हेच लागू होतं.

लॉग बुकमध्ये तास हवेतच होते. त्यावर तोडगा असा निघाला की अंदाज पॉइंटमध्ये, आणि काम झाल्यावर लागलेले तास वेगळ्या रकान्यात. सरांनी एक रकाना वाढवायला परवानगी दिली. तुमच्याकडेही तासांची सक्ती असेल तर असंच विचारून पाहा.

तिसऱ्या स्प्रिंटमध्ये महाशिवरात्रीची सुटी आणि अंतर्गत परीक्षा, ८ झाले. चौथ्यात १४. पाचव्यात ९. मधल्या काळात दुसऱ्या एका टीमने त्यांचा आलेख दाखवला, प्रत्येक स्प्रिंटला चढता. त्यांची कार्डं पाहिली तर जानेवारीतल्या ३ च्या तोडीचं काम मार्चमध्ये ८ झालेलं होतं. आकडे वाढले होते, काम तेवढंच. वेगाला मार्क मिळतात असं वाटलं की हे नकळत होतं. म्हणून आम्ही दर बैठकीच्या सुरुवातीला अर्जाची ३ ची आणि यादीची २ ची स्टोरी टेबलावर मांडून ठेवायचो, आणि नवीन आकडा पटला नाही की त्यांच्याकडे बोट दाखवायचो. वेगाचा उपयोग आपल्या टीमच्या पुढच्या स्प्रिंटपुरता. दुसऱ्या टीमचे १२ आणि आमचे १२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

एकूण ३१ झाले, सदस्यांची यादी एक्सेलमध्ये उतरवण्याची ३ पॉइंटची स्टोरी राहिली. ती ब्लॅक बुकमध्ये 'पुढील काम' या प्रकरणात गेली. खर्च म्हणाल तर पत्ते शंभर रुपये, कार्डशीट आणि मार्कर साठ, बाकी सगळा छपाई आणि बांधणीचा.

व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एक पॉइंट म्हणजे किती तास?" लॉग बुक उघडून तो रकाना दाखवला. ३ पॉइंटच्या स्टोरींना आमच्याकडे ६ पासून १७ तासांपर्यंत काहीही लागलं होतं. एकेका स्टोरीवरून तास सांगता येत नाहीत, पण दोन आठवड्यांत किती पॉइंट होतात ते ८ ते १४ च्या दरम्यान राहिलं, आणि एप्रिलमध्ये काय हातात असेल ते आम्ही त्यावरून फेब्रुवारीत ठरवलं, असं सांगितलं. त्यांनी २२ फेब्रुवारीचं पान मागितलं, काकांनी बाजूला केलेली दोन कार्डं तिथे चिकटवलेली होती. ते वाचून झाल्यावर पुढचा प्रश्न `UNIQUE` वर आला.